दालमिलमधून मोठ्या रिटेलरला माल: ईडीआयने पीओ घेणं आणि गाडी पोचायच्या आत एएसएन पाठवणं

जळगाव एमआयडीसीतल्या दालमिलवाल्याला मोठ्या रिटेल चेनकडून मेल येतो की पुढच्या महिन्यापासून पीओ पीडीएफमध्ये येणार नाही, ईडीआयने, म्हणजे थेट कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर ठरलेल्या फाईलने येईल, आणि गाडी भिवंडीच्या डीसीवर, म्हणजे त्यांच्या वितरणाच्या गोदामावर, लागायच्या आत एएसएन आमच्या सिस्टीममध्ये दिसला पाहिजे. बहुतेक जण हा मेल अकाउंटवाल्याकडे फॉरवर्ड करतात आणि इथंच गडबड सुरू होते, कारण एएसएन हे अकाउंटचं काम नाहीये, ते लोडिंगच्या ओट्यावरचं काम आहे. कॉम्प्युटर नंतर येतो. या लेखात मी एकच ऑर्डर घेऊन सुरुवातीपासून गाडी निघेपर्यंत जातो, फाईलच्या आत काय असतं तेही दाखवतो, म्हणजे उद्या सॉफ्टवेअरवाला काही सांगेल तेव्हा तुम्हाला त्याला उलट प्रश्न विचारता येतील.

एएसएन म्हणजे अ‍ॅडव्हान्स शिपमेंट नोटीस. गाडीत काय आहे, कुठल्या पॅलेटवर काय आहे, कुठला बॅच, किती नग, हे माल पोचायच्या आधी पोचवणारा डॉक्युमेंट. डीसीवाला पॅलेटचं एकच लेबल स्कॅन करतो आणि त्याच्या स्क्रीनवर आतला सगळा माल येतो, त्याला खोके मोजावे लागत नाहीत. म्हणूनच तो तुमच्या शब्दावर माल उतरवून घेतो, आणि म्हणूनच तो शब्द चुकला की चिडतो.

आधी कोणती भाषा ते विचारा

ईडीआय म्हणून एकच गोष्ट नसते. अमेरिकेतल्या खरेदीदाराकडे एक्स१२ चालतं, तिथं पीओ म्हणजे ८५० नंबरचा डॉक्युमेंट आणि एएसएन म्हणजे ८५६. युरोपात आणि इतर बऱ्याच ठिकाणी एडिफॅक्ट, तिथं पीओला `ORDERS` आणि एएसएनला `DESADV` म्हणतात. मी खालचं उदाहरण एडिफॅक्टमध्ये, डी.९६ए व्हर्जनमध्ये घेतलंय. खरेदीदार तुम्हाला एक गाईड देतो, त्याला एमआयजी म्हणतात, त्यात कुठलं फील्ड कसं भरायचं ते असतं, आणि दोन खरेदीदार एकाच व्हर्जनचे दोन वेगवेगळे गाईड देतात, त्यामुळे एकाचं मॅपिंग दुसऱ्याला जसंच्या तसं चालेल असं धरून चालू नका.

फाईल येण्याजाण्याचा रस्ताही तोच सांगतो. साधारण तीन पर्याय असतात, एएस२ म्हणजे इंटरनेटवरून सही करून एन्क्रिप्ट केलेली थेट देवाणघेवाण, एसएफटीपी म्हणजे सुरक्षित सर्व्हरवर फाईल ठेवणं-उचलणं, किंवा मधला एखादा नेटवर्कवाला, त्याला व्हॅन म्हणतात. छोट्या मिलला मी मधला माणूसच सुचवतो, महिन्याचं भाडं जातं पण सर्टिफिकेट एक्स्पायर झालं म्हणून रात्री फाईल अडकली तर बघायला कोणीतरी असतं. एएस२ स्वतः चालवत असाल तर दोन्ही बाजूंच्या सर्टिफिकेटच्या एक्स्पायरीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण त्या दिवशी सगळं बंद पडतं आणि कोणालाच कळत नाही का ते.

आलेली ऑर्डर वाचायची कशी

ही एक पीओ, नंबर सगळे उदाहरणासाठी बनवलेले. तूर डाळ एक किलोचं पाकीट आणि चना डाळ अर्धा किलोचं पाकीट.

```
UNH+1+ORDERS:D:96A:UN:EAN008'
BGM+220+PO5500123+9'
DTM+137:20250303:102'
DTM+64:20250310:102'
DTM+63:20250311:102'
NAD+BY+8909999000003::9'
NAD+SU+8901234000014::9'
NAD+DP+8909999000010::9'
LIN+1++8901234567890:EN'
QTY+21:2400:PCE'
LIN+2++8901234567906:EN'
QTY+21:1600:PCE'
UNS+S'
CNT+2:2'
UNT+15+1'
```

प्रत्येक ओळ एक सेगमेंट, शेवटी अपॉस्ट्रॉफी म्हणजे ओळ संपली. `BGM` मध्ये पीओ नंबर आणि शेवटचा आकडा `9`, म्हणजे ही मूळ ऑर्डर. हा आकडा बघायची सवय लावा. `7` असेल तर तीच ऑर्डर परत पाठवलीय, आणि तुमच्या सॉफ्टवेअरने ते न बघता नवीन ऑर्डर उघडली तर तोच माल दोनदा पॅक होईल आणि दुसरी गाडी गेटवरूनच परत येईल. पीओ नंबर आधीच नोंदलेला असेल तर थांबायचं आणि माणसाला विचारायचं, हा नियम सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून घाला.

`DTM+64` आणि `DTM+63` म्हणजे सगळ्यात लवकर आणि सगळ्यात उशीरा डिलिव्हरी, इथं १० आणि ११ मार्च. `NAD` मध्ये तीन पत्ते, पण नावाने नाही, जागा ओळखणाऱ्या १३ आकडी नंबराने, म्हणजे जीएलएनने, खरेदीदार, आपण, आणि माल जिथं उतरवायचा ती जागा. `DP` वाला जीएलएन नीट बघा, एका चेनचे डीसी चार ठिकाणी असतात आणि हेड ऑफिसचा पत्ता बघून गाडी भलतीकडे पाठवणारे लोक मी पाहिलेत.

आता खरी खाचखळग्यांची जागा, `QTY+21:2400:PCE`. दोन हजार चारशे पाकिटं. मिलमध्ये कोणीच पाकिटात बोलत नाही, सगळे पेटीत बोलतात. "भो, तूरच्या १२० पेट्या लावा" असं सुपरवायझर म्हणतो आणि ते बरोबरच आहे, एका पेटीत २० पाकिटं, १२० पेट्या. चना डाळीत पेटीला ४० पाकिटं, म्हणजे ४० पेट्या. पण फाईलमध्ये पेटी कुठेच नाहीये. `LIN` मधला बारकोड पाकिटाचा आहे, ८९० ने सुरू होणारा १३ आकडी. पेटीचा बारकोड वेगळा असतो, १४ आकडी, या तुरीसाठी `18901234567897`, पुढे १ लावून शेवटचा चेक आकडा नव्याने काढलेला. खरेदीदाराने ऑर्डर ज्या बारकोडवर आणि ज्या युनिटमध्ये दिली त्याच बारकोडवर आणि त्याच युनिटमध्ये एएसएन गेला पाहिजे. आयटम मास्टरमध्ये 'एका पेटीत किती' हे एकाच ठिकाणी लिहा आणि रूपांतर तिथूनच होऊ द्या, ऑपरेटरच्या डोक्यातून नको.

आणखी एक बारीक गोष्ट. आयटमच्या नावात अपॉस्ट्रॉफी किंवा अधिक चिन्ह असेल तर फाईल तिथंच तुटते, कारण त्या चिन्हांना एडिफॅक्टमध्ये खास अर्थ आहे. पुढे प्रश्नचिन्ह लावावं लागतं, `FARMER?'S` असं. चांगला कन्व्हर्टर हे स्वतः करतो, पण टेस्टिंगमध्ये असं एक नाव मुद्दाम घालून बघा.

ऑर्डर मिळाली हे कोणाला कळलं

इथं तीन वेगळ्या पावत्या असतात आणि लोक त्या एकच समजतात. एएस२ ची पावती, एमडीएन, फक्त एवढंच सांगते की फाईल पोचली आणि सही जुळली. `CONTRL` नावाचा मेसेज सांगतो की फाईलचं व्याकरण बरोबर आहे. आणि `ORDRSP` हे तुमचं उत्तर, की आम्ही हा माल देतो का, पूर्ण देतो की कमी. त्यात `BGM+231` च्या शेवटी `29` म्हणजे जशीच्या तशी मान्य, `4` म्हणजे बदलासह, `27` म्हणजे नाही जमत.

तुम्हाला सोमवारीच माहिती असेल की तूर पूर्ण निघणार नाही तर सोमवारीच बदलासह उत्तर द्या. खरेदीदाराला पाच दिवस आधी कमी माल कळलेला चालतो, गेटवर कळलेला चालत नाही. आपल्या उदाहरणात लॉट साफ करताना खंडा जास्त निघाला आणि तुरीच्या १२० ऐवजी ११२ पेट्याच झाल्या, म्हणजे २४०० ऐवजी २२४० पाकिटं, १६० कमी. चना पूर्ण.

पॅलेट लावताना जे होतं तेच एएसएन

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. एएसएन बनवायचा सोपा आणि चुकीचा मार्ग म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये पीओ उघडायची, 'शिप' दाबायचं, ऑर्डरचेच आकडे एएसएनमध्ये जातात. कागदावर सगळं जुळतं आणि गाडीत ११२ पेट्या असतात. बरोबर मार्ग असा, की पॅलेटला आधी नंबर द्यायचा, मग त्या पॅलेटवर चढणारी प्रत्येक पेटी किंवा निदान प्रत्येक थर त्या नंबराखाली स्कॅन करायचा, आणि एएसएन त्या स्कॅनमधून निघाला पाहिजे. पीओ फक्त तुलनेसाठी बाजूला.

पॅलेटच्या नंबरला एसएससीसी म्हणतात, १८ आकडी, जगात दुसऱ्या कुठल्या पॅलेटचा नसेल असा. पहिला एक आकडा तुमच्या मर्जीचा, मग बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ इंडिया संस्थेकडून मिळालेला कंपनी प्रीफिक्स, मग तुमचा चालू नंबर, शेवटी चेक आकडा. समजा प्रीफिक्स ८९०१२३४ आहे आणि चालू नंबर ४१५. सतरा आकडे झाले `08901234000000415`. आता डावीकडून एकाआड एक ३ आणि १ ने गुणायचं आणि बेरीज करायची. पहिल्या शून्याचे ०, मग ८, २७, ०, ३, २, ९, ४, मग सहा शून्यं, मग ४ चे १२, १ चा १, ५ चे १५. एकूण ८१. पुढचा दहाचा पट ९०, फरक ९, म्हणून चेक आकडा ९ आणि पूर्ण नंबर `089012340000004159`. हे सॉफ्टवेअर करतं, पण एकदा हाताने करून बघितलं की चुकीचं लेबल समोर आल्यावर लगेच कळतं.

हा नंबर परत वापरायचा नाही, जीएस१ च्या नियमाप्रमाणे निदान एक वर्ष तरी नाही. पॅलेट डीसीवरून परत आलं तरी नवीन लेबल. नवीन सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकलं आणि चालू नंबर परत १ पासून सुरू झाला की डीसीच्या सिस्टीममध्ये जुनं पॅलेट आणि नवं पॅलेट एकच होतं, म्हणून चालू नंबराचा बॅकअप विसरू नका.

लेबल प्रिंट करताना बारकोड जीएस१-१२८ असतो आणि नंबराच्या पुढे `(00)` येतं. हे दोन शून्य एएसएनमध्ये लिहायचे नसतात, ते फक्त 'पुढे एसएससीसी आहे' असं स्कॅनरला सांगतात. लेबल पॅलेटच्या दोन लागून असलेल्या बाजूंना लावा, बारकोड पायथ्यापासून ४०० ते ८०० मिलिमीटरमध्ये, कडेपासून निदान ५० मिलिमीटर आत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि दालमिलच्या धुळीत रिबनवालं प्रिंट घ्या, साधं थर्मल लेबल उष्णतेनं काळपट होतं. आणि लेबल स्ट्रेच फिल्मच्या वर लावायचं, खाली नाही, फिल्मच्या चमकेने स्कॅनर वाचत नाही.

आता आपली गाडी. पहिलं पॅलेट तूर ४० पेट्या, दुसरं तूर ४०, तिसरं तूर ३२, चौथं चना ४०. तिसऱ्या पॅलेटवर पेच आहे, २० पेट्या बॅच `T0307` च्या आणि १२ पेट्या दुसऱ्या दिवशीच्या `T0308` च्या. हमाल म्हणतील सगळं एकच, पण बेस्ट बिफोर वेगळी आहे आणि डीसीवाला आधी संपणारा माल आधी काढतो, म्हणून दोन ओळी करायच्या. एएसएनमधला तोच भाग:

```
CPS+4+1'
PAC+1++PX'
PCI+33E'
GIN+BJ+089012340000004173'
LIN+3++8901234567890:EN'
QTY+12:400:PCE'
RFF+ON:PO5500123:1'
PCI+17'
DTM+361:20250906:102'
GIN+BX+T0307'
LIN+4++8901234567890:EN'
QTY+12:240:PCE'
RFF+ON:PO5500123:1'
PCI+17'
DTM+361:20250907:102'
GIN+BX+T0308'
```

`CPS` म्हणजे पॅकिंगची पायरी. `CPS+1` ही पूर्ण गाडी, `CPS+4+1` म्हणजे चौथी पायरी जी पहिल्याच्या पोटात आहे, म्हणून पहिलं पॅलेट `CPS+2`, तिसरं `CPS+4`. `GIN+BJ` नंतर एसएससीसी. `QTY+12` म्हणजे पाठवलेला माल, `21` नाही, ते मागवलेलं. २० पेट्या गुणिले २० पाकिटं ४००, १२ गुणिले २० असे २४०. इथं कोणी २० आणि १२ लिहिलं तर फाईल चालते, कुठेच एरर येत नाही, आणि डीसीला वाटतं पॅलेटवर फक्त ३२ पाकिटं आहेत. `RFF+ON` च्या शेवटचा `1` म्हणजे पीओची पहिली ओळ. एएसएनमधला `LIN+3` हा एएसएनचा स्वतःचा क्रमांक, पीओच्या ओळीशी त्याचं काही नातं नाही, हे दोन मिसळले की रिसीव्हिंगला तूर चना डाळीच्या खात्यात पडते.

सगळं झाल्यावर एक बेरीज करायची, पॅलेटनिहाय. ८०० आणि ८०० आणि ६४०, तुरीचे २२४०. चना १६००. हाच आकडा इनव्हॉइसवर, हाच ई-वे बिलात, हाच एएसएनमध्ये. तिन्ही एकाच स्कॅनमधून निघत असतील तर फरक पडायला जागाच उरत नाही, आणि टॅलीत इनव्हॉइस हाताने वेगळं बनत असेल तर फरक पडतोच, आज नाही तर उद्या. मी ज्या ज्या ठिकाणी बसून बघितलं तिथं सगळ्यात जास्त डेबिट नोट या एका कारणाने यायच्या, माल बरोबर, एएसएन बरोबर, इनव्हॉइस पूर्ण ऑर्डरचं.

पाठवायचं कधी

गाडीचं शटर बंद झाल्यावर, त्याआधी नाही. लोडिंग चालू असताना एएसएन मारला आणि मग एक पॅलेट बसलंच नाही म्हणून उतरवलं, तर कागदावर चार आणि गाडीत तीन. आणि खूप उशीरही नको, जळगावहून धुळे-नाशिक करत कसारा घाट उतरून गाडी भिवंडीला सकाळी लागते, एएसएन रात्रीच गेला पाहिजे. खरेदीदाराच्या गाईडमध्ये 'पोचायच्या किती तास आधी' ते लिहिलेलं असतं, तो आकडा सुपरवायझरच्या टेबलासमोर चिकटवा. आपल्या फाईलचा वरचा भाग असा:

```
UNH+1+DESADV:D:96A:UN:EAN005'
BGM+351+DSP0787+9'
DTM+137:202503092115:203'
DTM+17:20250310:102'
RFF+ON:PO5500123'
NAD+SU+8901234000014::9'
NAD+DP+8909999000010::9'
CPS+1'
PAC+4++PX'
```

`137` मध्ये मेसेज बनवल्याची वेळ, ९ मार्च, रात्री सव्वानऊ. `DTM+17` मध्ये पोचायचा अंदाज. एक गाडी म्हणजे एक एएसएन. दोन गाड्यांत माल गेला तर दोन एएसएन, `BGM` मधले दोन वेगळे `DSP` वाले एएसएन नंबर, जरी पीओ एकच असली तरी.

पाठवल्यावर झोपू नका, आधी एमडीएन आणि `CONTRL` आलं का बघा. `CONTRL` नाकारलेलं आलं तर खरेदीदाराच्या दृष्टीने एएसएन गेलेलाच नाही, तुमच्या आउटबॉक्समध्ये 'सेंट' असलं तरी. काही खरेदीदार नंतर `APERAK` पाठवतात, त्यात व्याकरण बरोबर पण आतली माहिती चुकीची असं असतं, उदाहरणार्थ पीओ बंद झाली, किंवा हा बारकोड आमच्याकडे नाही. या तीनही मेसेजचा अलर्ट रात्रीच्या सुपरवायझरच्या मोबाईलवर जाईल अशी सोय करा, ऑफिसच्या मेलवर नको, कारण ऑफिस सकाळी दहाला उघडतं आणि गाडी तोपर्यंत गेटवर उभी असते.

गाडी निघाल्यावर चूक सापडली तर? खरेदीदार बदली मेसेज घेत असेल तर त्याच `DSP` नंबराने `BGM` च्या शेवटी `5` लावून पूर्ण एएसएन नव्याने पाठवायचा, फक्त बदललेली ओळ नाही. घेत नसेल तर `1` ने जुना रद्द आणि नवीन नंबराने नवा. पण गाडीची गेट एन्ट्री झाली की दोन्ही चालत नाही, मग डीसीच्या रिसीव्हिंगला फोन करून पॅलेटचा एसएससीसी सांगायचा आणि त्यांच्याकडून हाताने सुधारून घ्यायचं. टायर पंक्चर होऊन माल दुसऱ्या गाडीत घातला तर पॅलेटचे नंबर तेच राहतात, एएसएनमधला गाडी नंबर मात्र बदलावा लागतो, आणि ई-वे बिलातलाही.

सुरुवातीचं टेस्टिंग

खरेदीदाराने टेस्ट फाईल मागितली की लोक सगळ्यात साधी एक ओळीची ऑर्डर चालवून 'पास' घेतात. तसं करू नका. तीन अवघड केस मुद्दाम चालवा: एका पॅलेटवर दोन बॅच, ऑर्डरपेक्षा कमी माल, आणि एकच पॅलेट दोन पीओचं. तिसऱ्या केसमध्ये `RFF+ON` ओळीवर असणं किती गरजेचं आहे ते दिसतं, कारण वरच्या भागात एकच पीओ नंबर लिहून चालत नाही. त्या फाईली छापून लेबलसकट प्रत्यक्ष ओट्यावर एका रिकाम्या पॅलेटवर चिकटवा आणि डीसीच्या माणसाला स्कॅनरने वाचायला सांगा, स्क्रीनवरच्या फाईलला पास मिळालेला असतो तरी लेबल वाचलं जात नाही असं होतं, बऱ्याचदा प्रिंटरच्या डोक्यावर डाळीची पूड बसलेली असते आणि बारकोडमध्ये एक पांढरी उभी रेघ पडलेली असते. रोज सकाळी पहिलं लेबल काढण्याआधी ते डोकं स्पिरिटच्या कापडाने पुसायचं काम कोणाचं, हे नाव घेऊन ठरवा.